घाटात तापलेलं इंजिन

चार सिलिंडरचं पेट्रोल इंजिन मिनिटाला ३००० फेरे घेत असतं तेव्हा त्याच्या पोटात दर सेकंदाला १०० वेळा पेट्रोल पेटत असतं. प्रत्येक वेळी आतल्या वायूचं तापमान क्षणभर २००० अंश सेल्सिअसच्या वर जातं. हे सगळं ज्याच्याखाली घडतं ते इंजिनाचं हेड आजच्या बहुतेक गाड्यांत ॲल्युमिनियमचं असतं, आणि ॲल्युमिनियम ६६० अंशांनाच वितळतं. मग हेड वितळून खाली का पडत नाही? कारण त्या ज्वाळेपासून काही मिलिमीटर धातूच्या पलीकडे सुमारे ९० अंशांचं पाणी सतत धावत असतं. मला हे दर वेळी नव्याने विलक्षण वाटतं. आपण मागच्या सीटवर डुलक्या घेत असतो आणि पुढे, दोन-तीन हातांवर, धातू वितळवणारी आग आणि चार-पाच लिटर पाणी यांचा असा समझोता चाललेला असतो.

हा समझोता कुठे ताणला जातो ते पाहायला बोरघाट उत्तम. मे महिन्याची दुपार आहे, एक छोटी पेट्रोल गाडी, आत चार माणसं आणि सामान, असं सगळं मिळून १३०० किलो वजन, खोपोलीहून जुन्या रस्त्याने वर निघालं आहे. पायथ्यापासून लोणावळ्यापर्यंत चढ साधारण ५५० मीटरचा. एवढं वजन एवढं वर न्यायला जी ऊर्जा लागते ती फक्त दोन युनिट विजेइतकी असते. पण इंजिन पेट्रोलमधल्या ऊर्जेचा जेमतेम चौथा-तिसरा हिस्साच चाकांपर्यंत पोहोचवतं. त्यामुळे नुसता हा चढ चढण्यासाठी पाऊण लिटरहून थोडं जास्त पेट्रोल जळतं, आणि त्यातली बरीचशी उष्णता धुराड्यातून जाते तर तितकीच साधारण पाण्यात उतरते. पाण्यात उतरलेली ही उष्णता सुमारे २५ लिटर पाणी उकळीला आणायला पुरेल इतकी असते. गाडीत पाणी आहे पाच लिटर. म्हणजे ते पाणी उष्णता साठवून ठेवत नाही, साठवणं त्याला शक्यच नाही. ते फक्त हमाल आहे: इंजिनातून उष्णता उचलायची, रेडिएटरपर्यंत न्यायची, हवेच्या स्वाधीन करायची आणि परत यायचं.

घाटात नेमकी ही शेवटची देवाणघेवाण अडते. सपाट रस्त्यावर ताशी ८० किलोमीटरने जाताना रेडिएटरवर भरपूर वारं येतं. घाटात पुढे मालाने भरलेला ट्रक रांगत असतो, आपण दुसऱ्या गिअरमध्ये त्याच्या मागे, इंजिन जोरात आणि वारं जवळपास नाही. मग सगळी भिस्त रेडिएटरच्या मागच्या विजेच्या पंख्यावर येते. त्यात एसी चालू असेल तर आणखी एक गोष्ट घडते. एसीचा कंडेन्सर रेडिएटरच्या अगदी पुढ्यात बसवलेला असतो. गाडीच्या आतून काढलेली सगळी उष्णता तो समोरच्या हवेत सोडतो आणि तीच आधीच तापलेली हवा रेडिएटरला मिळते. शिवाय एसीचा कॉम्प्रेसर इंजिनाकडून जास्तीचं काम करून घेतो ते वेगळंच. गाडी निरोगी असेल तर ती हेही निभावून नेते. पंख्याचा फ्यूज गेलेला असेल, होजमधून थेंबथेंब गळत असेल किंवा थर्मोस्टॅट अडकून नीट उघडत नसेल, तर गावातल्या रोजच्या फेऱ्यांत ते उमगत नाही. घाट ते उघडं पाडतो.

आता डॅशबोर्डवरचा काटा. तो मध्यावर असतो तेव्हा पाणी नेमकं किती तापलंय ते सांगत नाही, कारण बऱ्याच नव्या गाड्यांत तो मुद्दाम मध्यावर रोखलेला असतो. तापमान पंधरा-वीस अंशांनी वरखाली झालं तरी तो जागचा हलत नाही, उगाच चालकाला घोर लागू नये म्हणून. याचाच दुसरा अर्थ असा, की असा काटा मध्य सोडून वर सरकू लागला तर गोष्ट आधीच बरीच पुढे गेलेली असते. काही गाड्यांत काटाच नसतो. थंड असताना निळा दिवा आणि अति तापल्यावर लाल, बस. लाल दिवा म्हणजे विचार करण्याची वेळ संपली.

आपल्या गाडीचा काटा वर सरकला आहे, वाफ अजून नाही. पहिलं काम, एसी बंद. दुसरं काम ऐकून पहिल्यांदा कुणालाही विचित्र वाटेल: हीटर पूर्ण गरमवर, त्याचा पंखा पूर्ण वेगावर आणि काचा खाली. मे महिन्यात हीटर! पण गाडीचा हीटर म्हणजे डॅशबोर्डमागे लपवलेला एक छोटा रेडिएटर असतो. त्यातून इंजिनाचंच पाणी फिरतं आणि स्वतंत्र पंखा त्यावरून हवा फुंकतो. तो चालू केला की पाण्याला उष्णता टाकायला आणखी एक जागा मिळते. आतली माणसं घामाघूम होतात, पण तेवढी उष्णता इंजिनातून खरोखरच कमी होते. यामुळे बिघाड दुरुस्त होत नाही. सुरक्षित जागा सापडेपर्यंतची एक-दोन मिनिटं मिळतात. ट्रकच्या मागे चिकटून राहू नका, अंतर वाढवा, पार्किंगचे चारही दिवे लावा आणि वळण टाळून, मागून येणाऱ्याला लांबून दिसेल अशा रुंद जागी डावीकडे थांबा. कडेला वाळलेलं गवत असेल तर त्यावर गाडी उभी करू नका. गाडीखालचा कॅटॅलिटिक कन्व्हर्टर चढणीवर शेकडो अंशांना तापलेला असतो आणि कोरड्या गवताला तेवढं पुरतं.

थांबल्यावर इंजिन लगेच बंद करायचं की चालू ठेवायचं? जुने ड्रायव्हर यावरून एकमेकांशी वाद घालतात आणि दोघांच्याही म्हणण्यात तथ्य असतं. इंजिन बंद केलं की आग थांबते, पण बहुतेक गाड्यांत पाणी फिरवणारा पंपही थांबतो. हेडच्या जाड धातूत साचलेली उष्णता मग जागच्या जागी उभ्या असलेल्या पाण्यात उतरत राहते आणि पुढची काही मिनिटं तापमान उलट वाढतं. म्हणून वाफ नसेल, लाल दिवा नसेल आणि पंखा फिरल्याचा आवाज येत असेल, तर गाडी न्यूट्रलमध्ये ठेवून इंजिन मंद चालू द्यावं आणि काट्यावर नजर ठेवावी. दोन-तीन मिनिटांत तो उतरायला लागला तर दोष बहुधा चढाच्या ओझ्याचा होता. पण वाफ दिसली, खाली पाणी सांडलेलं दिसलं, पंखा गप्प असला किंवा काटा चढतच राहिला, तर तत्काळ बंद. फिरवायला पाणीच उरलेलं नसेल तर पंप चालू ठेवून काही साधत नाही.

इथे एक फसवी खूण आहे आणि ती मला या सगळ्यात सर्वांत धोकादायक वाटते. काटा लालवर होता आणि अचानक झपकन खाली आला. चालक सुटकेचा श्वास सोडतो आणि गिअर टाकतो. प्रत्यक्षात बऱ्याचदा असं झालेलं असतं, की होज फुटून पाणी निघून गेलं आणि तापमान मोजणारा सेन्सर आता पाण्यात बुडलेला नसून मोकळ्या हवेत लटकतोय. तो पाण्याचं तापमान मोजायला बनवलेला असतो. पाणीच नसेल तर तो जे सांगतो त्याला अर्थ नाही. अशा वेळी हीटरमधून गरम हवा यायची थांबते, कारण तिथेही पाणी पोहोचत नाही. काटा खाली आणि हीटर थंड, या दोन गोष्टी एकत्र दिसल्या की किल्ली फिरवून बंद करा. तसंच पुढे दोन-तीन किलोमीटर रेटलं तर हेड वाकडं होतं. तापल्यावर ॲल्युमिनियम लोखंडाच्या जवळपास दुप्पट प्रसरण पावतं. घट्ट आवळलेल्या बोल्टांमध्ये त्याला पसरायला जागा नसते, आणि मग हेड व ब्लॉक यांच्यामधलं पातळ गॅस्केट जळतं. पुढे सायलेन्सरमधून न थांबणारा पांढरा धूर आणि ऑइलच्या झाकणाखाली दुधाळ चिकटा दिसला की मेकॅनिकला गॅस्केट उडाल्याचं सांगायचीही गरज पडत नाही.

आता थांबलेल्या गाडीच्या बोनेटपाशी येऊ. वाफ येत असेल तर ती ओसरेपर्यंत बोनेट उघडायचं नाही. आणि पाण्याचं झाकण? हे झाकण म्हणजे गाडीतला सर्वांत कमी कौतुक झालेला भाग, असं माझं ठाम मत आहे. कुकरच्या शिटीसारखंच त्याचं काम: आत दाब धरून ठेवायचा. बाहेरच्या हवेपेक्षा साधारण १ बार जास्त दाब ते धरतं, आणि तेवढ्याने पाणी १०० ऐवजी सुमारे १२० अंशांपर्यंत उकळत नाही. निम्मं कूलंट मिसळलेलं असेल तर उकळी आणखी थोडी पुढे ढकलली जाते. एका स्प्रिंगने आणि रबराच्या चकतीने इंजिनाला केवढी सवलत मिळवून दिली! पण या सवलतीची दुसरी बाजू झाकण उघडणाऱ्याच्या तोंडावर येते.

समजा आतलं पाणी ११५ अंशांना आहे आणि दाबामुळे शांत आहे. झाकण फिरवलं, दाब गेला. आता या पाण्याला १०० च्या वर द्रवरूपात राहण्याची मुभाच नाही. जास्तीच्या १५ अंशांची उष्णता त्याला तत्क्षणी टाकून द्यावी लागते, आणि ती टाकण्याचा एकच मार्ग असतो: थोड्या पाण्याची वाफ करणं. हिशेब केला तर जेमतेम तीन टक्के पाण्याची वाफ होते. पाच लिटरांतलं दीडशे मिलिलिटरही नाही. पण पाण्याची वाफ झाली की ते जवळपास १६०० पटींनी फुगतं. म्हणजे दोनशेहून अधिक लिटर वाफ, दोन-तीन इंचांच्या तोंडातून, आणि तिच्या वाटेत असलेलं उरलेलं उकळतं पाणी तीच बाहेर भिरकावते. रेडिएटरचं झाकण उघडणाऱ्यांचे चेहरे, मान आणि हात भाजतात ते यामुळे. हे टाळण्यासाठी कौशल्य लागत नाही, वेळ लागतो.

किमान अर्धा तास थांबा. मग वरच्या जाड रबरी होजला कापड धरून चिमटीत दाबून पाहा. तो टणक लागला तर आत अजून दाब आहे, आणखी थांबा. तो मऊ लागला आणि झाकण हाताला सोसवेल इतकं निवलं, की जाड फडकं घालून, तोंड बाजूला ठेवून झाकण थोडंसंच फिरवा. फुस्स असा आवाज आला तर तिथेच थांबून तो संपू द्या. आजच्या अनेक गाड्यांत हे दाबाचं झाकण रेडिएटरवर नसून बाजूच्या अर्धपारदर्शक टाकीवर असतं. टाकी प्लॅस्टिकची आहे म्हणून तिच्यात दाब नसेल असं धरून चालू नका. विजेचा पंखा किल्ली काढल्यावरही आपोआप फिरू शकतो, म्हणून हात आणि ओढणी-उपरणं त्यापासून दूर.

पाणी घालायचं ते हळूहळू, थोडं थोडं, इंजिन निवल्यावरच. तापलेल्या हेडमध्ये बिसलरीतलं गार पाणी ओतलं तर आतला धातू एका बाजूने एकदम आकसतो आणि चिरू शकतो. बाहेरून इंजिनावर पाणी मारण्याचंही तेच. अडीअडचणीला साधं पाणी चालतं. गॅरेजला पोहोचल्यावर ते काढून गाडीच्या पुस्तकात सांगितलेलं कूलंट भरून घ्यायचं, कारण साध्या पाण्याने आतून गंज चढतो आणि तो गंज रेडिएटरच्या बारीक नळ्या बुजवतो. घातलेलं पाणी खालून गळून जात असेल तर गाडी पुढे न्यायची नाही, टोइंगला बोलवायचं. गळत नसेल तर इंजिन सुरू करून एसी लावून पाहा: एसी लावल्यावर पुढचा पंखा फिरायला हवा. नाही फिरला तर दोष तिथेच आहे. फ्यूज बदलून तो फिरू लागला तर हळूहळू, एसीशिवाय, काट्यावर लक्ष ठेवून लोणावळा गाठता येतं.

आतापर्यंत बोललो ती वाफ. धूर वेगळा, आणि बोनेटच्या फटीतून पांढरं काही येताना दिसलं की दोहोंतला फरक ओळखणं हेच सगळ्यात मोलाचं असतं. वाफ हवेत वितभर वर जाऊन विरते, ओलसर असते, आणि कूलंटची असेल तर तिला गोडसर वास येतो. धूर विरत नाही, करडा किंवा काळा होत जातो, घशाला झोंबतो. जळक्या प्लॅस्टिकचा वास म्हणजे वायरिंग. बाहेरून बसवून घेतलेले जादा दिवे, हॉर्न, म्युझिक सिस्टीम यांच्यासाठी फ्यूजशिवाय ओढलेल्या वायरीत हा वास बरेचदा जन्मतो. १२ व्होल्टची बॅटरी शॉर्ट झाली तर शेकडो अँपिअर प्रवाह देऊ शकते आणि तांब्याची बारीक वायर त्यात लालबुंद होते. कच्च्या पेट्रोलचा वास आला तर आग अजून लागलेली नाही, पण तिला फक्त एक ठिणगी हवी आहे.

नुसतं इंजिन तापलं म्हणून गाडी पेटेलच असं नाही. पण तापलेल्या इंजिनात आगीची तयारी झालेली असते. एक्झॉस्टचा मॅनिफोल्ड ५०० अंशांच्या वर गेलेला असतो. कूलंट फुटून त्याच्यावर उडालं तर त्यातलं पाणी आधी निघून जातं आणि मागे राहिलेला ग्लायकॉल पेट घेऊ शकतो. तो सुमारे ४०० अंशांना ठिणगीशिवायही पेटतो. तापलेल्या सीलमधून झिरपणारं इंजिन ऑइल तर त्याआधीच पेटेल. पाणी आणि आग यांच्यामधला समझोता मोडला की ज्याने आग रोखायची तेच द्रव्य इंधन होऊन बसतं.

धूर करडा झाला, ज्वाळ दिसली, मग मघाचा सगळा धीर बाजूला ठेवायचा. आता सेकंद महत्त्वाचे आणि कामांचा क्रमही. वेग कमी करत डावीकडे घेतानाच सगळ्या काचा खाली करा आणि दारांचं लॉक उघडा. हे इंजिन बंद करण्याच्या आधी, कारण आग वायरिंगपर्यंत पोहोचली की काचा आणि सेंट्रल लॉक दोन्ही हलेनासे होतात. थांबा, हँडब्रेक ओढा, इग्निशन बंद करा. इग्निशन बंद झालं की पेट्रोलचा विजेचा पंप थांबतो आणि आगीला दाबाने मिळणारं इंधन तुटतं. पट्टे सोडा, बाहेर पडा. मागच्या सीटवर मुलं असतील तर लक्षात ठेवा, चाइल्ड लॉक लावलेलं दार आतून उघडत नाही; कुणी मोठ्याने बाहेरून ते उघडलंच पाहिजे. बॅगा, मोबाइलचा चार्जर, कागदपत्रं यांतलं काही घ्यायला परत आत वाकायचं नाही.

दार अडकलं आणि काचही वर राहिली तर बाजूची काच फोडावी लागते. मधोमध मारून ती दाद देत नाही. कोपऱ्याजवळ, टोकदार कठीण वस्तूने मारलं की कडक केलेली काच एकदम दाण्यांसारखी सांडते. म्हणून छोटा आपत्कालीन हातोडा डिकीत नाही, चालकाच्या हाताशी हवा. पुढची काच फोडण्यात वेळ घालवू नका. तिच्या दोन थरांमध्ये प्लॅस्टिकचा पडदा असतो, ती तडकते पण जागा सोडत नाही.

बाहेर आल्यावर निदान ३० मीटर दूर, वारा ज्या बाजूने येतोय त्या बाजूला, आणि रस्त्यावर नाही तर कठड्याच्या पलीकडे किंवा डोंगराच्या अंगाला. गाडीच्या थेट पुढे किंवा थेट मागे उभं राहू नये. बोनेट आणि डिकी उचलून धरणाऱ्या गॅसच्या दांड्या तापल्या की फुटून भाल्यासारख्या सुटू शकतात. सीएनजी गाडीत तर आणखी एक कारण आहे. तिच्या टाकीत २०० बारच्या आसपास दाबाने गॅस भरलेला असतो. टाकी फुटू नये म्हणून तिच्या झडपेत एक सुरक्षा प्लग असतो, तो आगीच्या धगीने सुमारे ११० अंशांना वितळतो आणि गॅसला वाट करून देतो. म्हणजे टाकी स्वतःला वाचवते, पण त्या क्षणी गॅसचा पेटता झोत मोठ्या आवाजात बाहेर येतो. तो झोत कुणाच्या अंगावर येऊ नये म्हणून अंतर राखायचं.

आणि बोनेट? ते उघडायचं नाही. बंद बोनेटखाली आगीला हवा अपुरी मिळते, म्हणून ती धुमसते. झाकण वर केलं की ताजी हवा आत जाते आणि ज्वाळ थेट चेहऱ्यावर येते. तुमच्याकडे पावडरचं अग्निशामक नळकांडं असेल, आग अजून हातभर असेल आणि सगळी माणसं बाहेर असतील, तरच प्रयत्न करावा. तेव्हाही बोनेटचा खटका आतून ओढून ते बोटभरच सैल करायचं आणि त्या फटीतून पावडर मारायची. गाडीत ठेवतात ते एक किलोचं नळकांडं आठ-दहा सेकंदांत रिकामं होतं. तेवढ्यात आग दबली नाही तर तुमचं काम संपलं, मागे फिरा. दबली तरी बोनेट उघडून बघू नका. आतला धातू अजून शेकडो अंशांवर असतो आणि त्यावर पडलेलं तेल पुन्हा पेट घेतं. विजेच्या गाडीची बॅटरी पेटली असेल तर या नळकांड्याचा उपयोग जवळपास नाही. तिच्या पेशी एकमेकींना पेटवत जातात, विझल्यासारख्या दिसून तासांनी पुन्हा पेटू शकतात आणि त्यांचा धूर विषारी असतो. तिथे फक्त लांब जायचं.

फोन ११२ ला करा, किंवा थेट अग्निशमन दलाच्या १०१ ला. जागा सांगताना घाटाचं नाव पुरत नाही. रस्त्याकडेच्या किलोमीटरच्या दगडावरचा आकडा आणि गाडी कुठल्या दिशेने निघाली होती ते सांगा, नाहीतर बंब दुभाजकाच्या पलीकडच्या बाजूने येऊन अडकतो. लगोलग गाडी कशावर चालते तेही सांगा, पेट्रोल, डिझेल, सीएनजी की बॅटरी, कारण त्यावरून बंबातली माणसं किती पाणी आणायचं आणि गाडीच्या कुठल्या बाजूने जवळ जायचं ते वाटेतच ठरवतात.